दोन मिनिटांचे आभार

आमच्या पांढुर्णा-सौसर भागात सत्काराला उत्तर देताना वेळ जातो तो आभारांच्याही आधी, संबोधनात. सावकाश बोलल्यास मिनिटाला शंभरेक शब्द होतात; म्हणजे हाती दोनशेच शब्द. मंचावरील सात मान्यवरांची नावे पदांसह घेतली की त्यांतले पन्नास संपतात. ती नावे सूत्रसंचालकाने आधीच घेतलेली असतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना ‘अध्यक्ष महोदय आणि मंडळी’ एवढेच शिकवतो.

नंतर तीनच माणसे निवडावीत आणि प्रत्येकाचे एकच काम सांगावे. समजा, पुरस्कार संत्रा बागायतदाराला मिळाला आहे. ‘सर्वांच्या सहकार्याने’ हे त्याचे वाक्य कुणालाच आपले वाटत नाही. ‘उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा शेजारच्या काकांनी त्यांच्या विहिरीचे पाणी दिले’ हे मात्र काकांपर्यंत नेमके पोचते. उरलेल्यांना गटाने स्मरावे: घरची माणसे, तोडणीचे मजूर.

एखादे नाव राहील या भीतीने वक्ता ‘आणि हो’ म्हणत लांबतो. ते दुसऱ्यांदा आले, की भाषण भरकटले असे समजावे. त्यासाठी शेवटचे वाक्य आधीच पाठ असावे. ते म्हणून माईक सोडावा. राहिलेले आभार खाली उतरून, प्रत्यक्ष भेटून मानावेत.