मोहनाचा चौथा हिस्सा

लेकीच्या डोहाळजेवणाला मी पन्नास मूगडाळ कचोऱ्या तळल्या. सकाळी अकराला चाळीस मिनिटांत सगळा घाणा उरकला. कचोऱ्या टम्म फुगलेल्या, सोनेरी, दिसायला एकदम बाजारच्यासारख्या. गरम गरमच स्टीलच्या डब्यात भरल्या आणि झाकण घट्ट लावलं. संध्याकाळी पाच वाजता डबा उघडला, तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब आणि खाली लिबलिबीत गोळे. नणंदेने एक घास घेतला आणि म्हणाली, "वहिनी, पुऱ्या छान झाल्यात. आत सारण घालायची कल्पना नवीन आहे."

जालन्यात आमच्या शेजारी एक मारवाडी कुटुंब राहतं. तिथल्या काकींकडे दुसऱ्या दिवशी एक उरलेली कचोरी घेऊन गेले. त्यांनी ती मधोमध मोडायचा प्रयत्न केला. मोडली नाही, ताणली गेली. त्या एवढंच म्हणाल्या, "मोयन कमी आणि आच जास्त. खस्ता कचोरीत मोयन चौथा हिस्सा लागतं."

मोयन म्हणजे आपलं मोहन. मी चकली-शंकरपाळ्यांच्या सवयीने चार वाट्या मैद्याला चार चमचे कडकडीत तेल घातलं होतं. मोहन काय काम करतं, हे काकींकडे बसल्यावर नीट कळलं. मैद्याला पाणी लागलं की त्याचा चिवट ताणा तयार होतो. पोळी लाटताना तोच आपल्याला हवा असतो. कचोरीत तो नको असतो. तूप आधी मैद्याच्या कणाकणाला चोळून लावलं, की नंतर घातलेलं पाणी सगळीकडे पोचत नाही, ताणा अर्धवट राहतो आणि तळल्यावर आवरण मोडतं. तूप कमी पडलं तर पुरीच होणार, आणि माझी तशीच झाली होती.

मग मी हिरिरीने दुसरा घाणा घातला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट फसला. चौथा हिस्सा म्हणजे चार वाट्यांना एक वाटी, असा सरळ हिशेब केला. पीठ हाताला मऊ, रेशमी लागलं. मी खूश. पण पारी वळताना कडा फाटायला लागल्या, आणि तेलात सोडलेल्या पहिल्या कचोरीचा दोन मिनिटांत भुगा. सारण कढईभर पसरलं, सगळं तेल काळं झालं.

वाटीने घात केला होता. माझी वाटी साधारण २०० मिलीची. किचनच्या काट्यावर टाकलं तेव्हा चार वाट्या मैदा भरला जेमतेम ४३० ग्रॅम, आणि एक वाटी पातळ तूप १८० ग्रॅम. मैदा पोकळ, तूप भरीव. चौथा हिस्सा समजून मी चाळीस टक्क्यांहून जास्त मोहन घातलं होतं. काकींच्या घरी तीन पिढ्या मोयन तोलून घालतात, त्यामुळे 'वजनाने' हा शब्द सांगायची गरज त्यांना वाटलीच नव्हती.

तेव्हापासून मी ५०० ग्रॅम मैद्याला १२५ ग्रॅम तूप घेते. तूप पातळ पण कोमट. कडकडीत मोहन घातलं की हात घालता येत नाही. चमच्याने ढवळावं लागतं आणि काही पीठ तुपाने थबथबतं, काही कोरडंच राहतं. कोमट तूप दोन्ही तळव्यांमध्ये पाच-सात मिनिटं चोळायचं. मूठ वळली की तिचा आकार टिकला पाहिजे आणि बोटाने दाबलं की ती सहज फुटली पाहिजे. न दाबताच ढासळत असेल तर तूप कमी आहे. दाबूनही फुटत नसेल आणि तळव्याला तूप सुटत असेल तर जास्त झालं. तेव्हा मूठभर मैदा वाढवावा.

पाणी साधारण २०० मिली लागतं, पण ते एकदम ओतायचं नाही. आणि इथे आपला हात आवरावा लागतो. पोळीच्या कणकेसारखं हे पीठ मळायचंच नसतं, नुसतं गोळा करायचं. मळलं की जो ताणा तुपाने अडवला होता तो पुन्हा उभा राहतो. गोळा वरून खडबडीत दिसला तरी चालेल. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवला की ओल सगळीकडे सारखी पसरते, थोडाफार ताणाही सैल पडतो आणि पारी दाबताना मागे ओढत नाही. थंडीत मात्र तूप गोठून पीठ दगडासारखं होतं आणि पारीला भेगा पडतात, म्हणून डिसेंबरात मी गोळा ओट्याच्या उबदार बाजूला ठेवते.

पारी लाटण्याने नाही, तळहाताने थापायची; मध्ये जाड, कडेला पातळ. सारण पूर्ण गार आणि कोरडं हवं. गरम सारणाची वाफ आवरण आतून भिजवते.

सामोशाचं गणित थोडं वेगळं. त्याची पारी लाटावी लागते, म्हणून मोहन पाचवा हिस्सा पुरे आणि पीठ घट्ट. सैल पिठाच्या सामोशावर तळताना बारीक फोड येतात.

आता आच. माझ्या पहिल्या कचोऱ्या चार मिनिटांत सोनेरी झाल्या, तीच चूक होती. वरचा पापुद्रा रंगला, आतल्या पिठातलं पाणी तसंच राहिलं, आणि दुपारभर ते बाहेर झिरपत आवरण मऊ करत गेलं. त्यात डब्यातली वाफ. तेल इतकंच तापवायचं की पिठाचा बारीक गोळा टाकला तर तो आधी तळाशी बसेल आणि मग थोड्या बुडबुड्यांसह सावकाश वर येईल. लगेच उसळला तर गॅस बंद करून थांबायचं. कचोऱ्या सोडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं झारा लावायचा नाही. त्या आपणहून तरंगतात. मग मंद आचेवर उलटपालट करत एकूण वीस मिनिटं. बुडबुडे विरळ झाले की समजायचं पाणी गेलं. रंग हवा असेल तर शेवटच्या मिनिटाला आच किंचित वाढवावी. पुढचा घाणा सोडण्यापूर्वी तेल पुन्हा खाली आणावं लागतं, आणि हेच सगळ्यांत कंटाळवाणं काम आहे.

म्हणजे माझ्या कढईत आठ मावतात, तर पन्नास कचोऱ्यांना अडीच तासांहून जास्त. चाळीस मिनिटांत होत असतील तर कुठेतरी पाणी राहिलंय. तळून झाल्या की जाळीवर उघड्या ठेवायच्या, पूर्ण गार झाल्यावरच डबा.

बारशाला पुन्हा केल्या, आदल्या दिवशी. नणंदेने मोडली तेव्हा चुरा तिच्या साडीवर पडला. निघताना म्हणाली, "वहिनी, प्रमाण सांगा ना, वाटीने."

मी विचारलं, "घरी काटा आहे का?"