कामाची वाटणी आणि व्यवस्थापक ताईंना पाठवायचा निरोप

ताईंनो, दिवाळीच्या फराळाचे स्टॉल जवळ आले की माझ्या फोनवर एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजात येते. "ती काहीच करत नाही, सगळं आमच्याच अंगावर." तक्रार खरी असते. पण व्यवस्थापक ताईंनी त्यावर करायचं काय? "काहीच करत नाही" यावर त्या फार तर समज देऊ शकतात, म्हणजे रुसवाफुगवी सुरू. ड्युटी बदलायची तर त्यांना आकडा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, गावाकडच्या चौघी कर्वेनगरला सहा दिवसांच्या स्टॉलवर आहेत. रोज सकाळी 8 वाजता पुड्या भरून लेबल लावायला दोघी आणि रात्री 9 नंतर रोकड मोजून हिशोब लिहायला दोघी, असं ठरलं होतं. म्हणजे सहा दिवसांत सकाळच्या 12 पाळ्या, रात्रीच्याही 12. चौघींत वाटल्या तर प्रत्येकीला तीन आणि तीन, मिळून सहा. आता चौथीने फक्त एक सकाळ केली, रात्र एकही नाही. उरलेल्या 23 पाळ्या तिघींनी केल्या, आठ, आठ आणि सात.

हा आकडा आठवणीतून काढू नका. बचतीच्या वहीत आपण दहा रुपयेही सोडत नाही, पण कामाची नोंद मात्र तोंडीच! स्टॉलच्या वहीत एक पान आखा. डावीकडे तारखा, वर चौघींची नावं, आणि पाळी संपली की ज्याची त्याने सही करायची. चौघींचीही नोंद हवी. फक्त एकीच्या चुका टिपलेलं पान व्यवस्थापक ताईंना लगेच कळतं, आणि मग त्या पानावर कुणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट, जी आपण रागात विसरतो. या चौथ्या ताई दुपारभर काउंटर सांभाळत असतील तर तेही काम आहे. गिऱ्हाईकाशी बोलायला सगळ्यांना जमत नाही. त्यामुळे निरोप पाठवण्याआधी त्यांना एकदा सरळ विचारा, "रात्री थांबायला काय अडचण येते?" त्या म्हणाल्या, गावची शेवटची एसटी चुकते, तर ते निरोपात लिहायचं, पण त्यांनीच सांगितलं म्हणून. आपण अंदाजाने "घरी लवकर पळायचं असतं" असं लिहिलं की भांडण तिथेच सुरू होतं.

आता निरोप. ग्रुपवर टाकायचा नाही, तिथे चाळीस जणी वाचतात. फक्त व्यवस्थापक ताईंना पाठवायचा:

"ताई, नमस्कार. कर्वेनगर स्टॉलच्या कामाच्या वाटणीबद्दल लिहिते आहे. सकाळचं पॅकिंग आणि रात्रीचा हिशोब मिळून सहा दिवसांत 24 पाळ्या झाल्या. ठरल्याप्रमाणे प्रत्येकीच्या सहा व्हायला हव्या होत्या. आमच्या तिघींच्या आठ, आठ आणि सात झाल्या, चौथ्या ताईंची एक झाली. दुपारची विक्री बहुतेक त्याच बघतात, ती या मोजणीत नाही. रात्री थांबलं तर शेवटची एसटी मिळत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. वहीच्या पानाचा फोटो सोबत आहे. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या तुम्ही नव्याने लावून द्याल का? आम्हाला त्या रविवारपर्यंत कळल्या तर बरं होईल."

यात "नेहमी", "कधीच", "मुद्दाम" हे शब्द नाहीत ते बघा. "नेहमी" लिहिलं की समोरचीला एकच दिवस दाखवावा लागतो आणि तुमचं सगळं म्हणणं खोटं पडतं. "आळशी" हा शब्द तर वहीत कुठेच सापडत नाही. आणि मागणी एकच आहे, पाळ्या नव्याने लावा. तिला काढा, तिचा वाटा कापा, हे नाही. नफ्यातल्या वाट्याचा प्रश्न असेल तर तो गटाच्या बैठकीत ठराव करून सोडवायचा, व्हॉट्सॲपवर नाही.

एक तपासणी मी सगळ्यांना करायला सांगते. निरोप लिहून झाला की तो त्या चौथ्या ताईंच्याच हातात पडला असं धरून वाचा. त्या म्हणतील "मला वाईट वाटलं", ते चालेल. पण "हे खोटं आहे" असं म्हणता येईल असं एखादं वाक्य सापडलं, तर ते काढा. शेवटी असा निरोप एक ना एक दिवस तिच्यापर्यंत पोचतोच, गाव लहान असतं.

यालाही मर्यादा आहे. सहा पाळ्यांत एखाद-दुसरीचा फरक असेल तर निरोप पाठवू नका, आपसात बदला. आजारपण, घरातलं सुतक, लहान मूल असेल तर आठवडाभर थांबा. आणि व्यवस्थापक ताईंनी पाळ्या बदलल्या, समजा चौथ्या ताईंना रात्रीऐवजी रोजची सकाळ दिली, तर तेच पान पुढचे सहा दिवस चालू ठेवा. फरक पडला नाही तर दुसऱ्या निरोपात फक्त दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे.