विद्युत् मोटारीच्या प्रवासवेळेचे गणित

अंतराला वेगाने भागले की प्रवासाचा वेळ मिळतो, हे शाळेत शिकविले जाते. विद्युत् मोटारीच्या बाबतीत मात्र एवढे पुरत नाही. वाटेत बॅटरी भारण्यास लागणारा वेळ व प्रत्येक थांब्यावर मोडणारा किरकोळ वेळ त्यात मिळवावा लागतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्याचेच उदाहरण घेऊ. समजा, मोटारीच्या बॅटरीत ४० युनिट वीज मावते आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने एका युनिटात ६ किलोमीटर अंतर कापले जाते. म्हणजे एकूण सुमारे ८७ युनिट वीज लागेल. नागपूरहून बॅटरी पूर्ण भरून निघाल्यास आणि ४ युनिट राखीव ठेवल्यास ३६ युनिट वापरता येतात. उरलेली ५१ युनिट वाटेत घ्यावी लागतात.

येथे एक चूक हमखास होते. चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलेले असले, तरी तासाला ६० युनिट मिळतीलच असे नाही. मोटार जेवढी वीज स्वीकारते तेवढीच मिळते. शिवाय बॅटरी भरत येते तसा तिचा वेग मंदावतो. या मोटारीत १० ते ८० टक्क्यांपर्यंत तासाला सरासरी ४० युनिट जातात असे धरू. म्हणजे त्या ७० टक्क्यांना, २८ युनिटांना, ४२ मिनिटे लागतात. पण शेवटच्या ८ युनिटांनाच आणखी ४० मिनिटे लागू शकतात. म्हणून ८० टक्क्यांवर थांबून पुढे निघणे सोयीचे.

एका थांब्यावर २८ युनिटच घ्यावयाची असल्याने दोन थांबे आवश्यक ठरतात. ५१ युनिटांना सुमारे ७६ मिनिटे, तर वळणे, जोडणी व पैसे देणे यांसाठी दर थांब्यास १० मिनिटे. चालविण्याचा वेळ ५ तास १२ मिनिटे. एकूण ६ तास ४८ मिनिटे. चार्जर नेमक्या हव्या त्या ठिकाणी नसला, तर थांब्यांमधील वाटणी बदलते, एकूण युनिट तीच राहतात. रांग असल्यास ती प्रतीक्षा मात्र वेगळी धरावी.

आता वेग ताशी १२० केला तर? वाऱ्याचा विरोध वाढून एका युनिटात ४.८ किलोमीटरच पडतात, असे धरू. चालविण्यात ५२ मिनिटे वाचतात खरी. परंतु वाटेत ७२ युनिट घ्यावी लागून तिसरा थांबा येतो. भारण्यास १ तास ४८ मिनिटे, थांब्यांची ३० मिनिटे आणि चालविण्याचे ४ तास २० मिनिटे, मिळून ६ तास ३८ मिनिटे होतात. प्रत्यक्ष बचत केवळ १० मिनिटांची, आणि तिसऱ्या थांब्यावर एकच मोटार पुढे उभी असली तर तीही नाही.