झोपून एक, उभ्याने दोन

"उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते." तलासरी-डहाणूकडच्या बाह्यरुग्ण विभागात ही तक्रार सकाळच्या रांगेत हमखास ऐकू येते. पेशंटला स्टुलावर बसवून बीपी घेतले जाते, ते बरे निघते आणि अशक्तपणाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. तक्रार उठण्याची असते, मोजणी मात्र बसल्या जागी होते. ही गल्लत माणसाला किती महाग पडते, ते मला एका चिकूच्या वाडीवाल्या काकांमुळे नीट उमगले.

काका सत्तरीकडे झुकलेले. मधुमेह जुना, बीपीची गोळी चालू आणि लघवी अडते म्हणून प्रोस्टेटची टॅमसुलोसिन. दुसरीकडे एकदा बसून बीपी १५० च्या वर निघाले, म्हणून अ‍ॅम्लोडिपिनचा डोस दुप्पट झाला. त्यानंतर पहाटे लघवीला उठताना ते दोनदा पडले आणि दुसऱ्या वेळी मनगट मोडले. आमच्याकडे आले ते हाताला प्लास्टर घालूनच. बसून बीपी १४६/८४ भरले. या आकड्यावरून पडण्याचे कारण कुणालाच कळले नसते.

त्यांना तपासणीच्या टेबलावर पाच मिनिटे सपाट झोपवले. झोपून बीपी १५८/८६, नाडी ७६. उभे राहून एक मिनिट झाल्यावर १२८/७४, नाडी ८०. तीन मिनिटांनी १२४/७२, नाडी ८१. वरचा दाब ३४ ने आणि खालचा १४ ने उतरला होता. "आता कसं वाटतंय, काका?" विचारले, तर म्हणाले, "हेच ते. पहाटे असंच होतं."

ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शनची व्याख्या १९९६ साली तज्ज्ञांच्या सहमतीने ठरली आणि २०११ मध्ये तिच्यात भर पडली. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब किमान २० ने किंवा खालचा किमान १० ने उतरला आणि उतरलेलाच राहिला, तर निदान पक्के. दोन्हींपैकी एक पुरे. झोपून घेतलेले बीपीच मुळात चढे असेल, तर वरच्या दाबासाठी ३० ची घट धरावी, कारण चढा दाब खाली येतानाही मोठी उडी घेतो. काकांची घट या कडक मापालाही पुरून उरली.

आकडे पाठ करणे सोपे आहे, मोजणी बिघडते ती बारीकसारीक गोष्टींत. पहिली गोष्ट झोपण्याची. पेशंट बसमधून उतरून, ऊन खाऊन, रांगेत तासभर उभा राहून आलेला असतो. त्याला आडवे करून लगेच पट्टा फुगवला, तर झोपलेले बीपी खरे मिळत नाही. पाच मिनिटे गप्प पडू द्यावे. टेबलाची डोक्याकडची बाजू उचललेली नसावी. गर्दीच्या दिवशी आम्ही बाजूच्या बाकावर एकाला झोपवून ठेवतो आणि तोवर दुसऱ्याला तपासतो.

दुसरी गोष्ट उठण्याची. झोपलेला माणूस सवयीने आधी पाय खाली सोडून बसतो आणि मग उभा राहतो. तेवढ्या वेळात शरीर थोडेफार सावरते आणि घट लहान दिसते. आधार देऊन त्याला एका दमात उभे करावे आणि पाय जमिनीला लागले की घड्याळ सुरू करावे. पट्टा दंडावरून काढायचा नाही. डिजिटल यंत्राला आकडा दाखवायला अर्धा मिनिट तरी लागतो, म्हणून एका मिनिटाच्या नोंदीसाठी बटण थोडे आधीच दाबावे. एक मिनिटाची नोंद टाळू नये. काहींची घट तेव्हाच सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या मिनिटाला भरून निघते.

तिसरी गोष्ट हाताची, आणि सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. उभ्या माणसाचा हात खाली लोंबत असला की पट्टा हृदयाच्या पातळीखाली जातो आणि दाब खोटा वाढून दिसतो. दर दहा सेंटिमीटरला जवळपास ७ ते ८ अंकांचा फरक पडतो. म्हणजे २४ ची खरी घट १६ दिसेल आणि पेशंट 'नॉर्मल' म्हणून घरी जाईल. सिस्टरने हात कोपराशी धरून पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला ठेवावा. आपल्याकडे दंड बारीक असलेले पेशंट पुष्कळ. त्यांना मोठा पट्टा गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून लहान पट्टा जवळ असावा.

मागे खुर्ची ठेवावी. पेशंट पांढरा पडला, घाम फुटला, डोलू लागला तर तीन मिनिटांचा हट्ट धरू नये. लगेच आडवे करावे आणि किती वेळाने, कोणत्या आकड्याला काय झाले ते लिहावे. झोपवणे शक्यच नसेल तर बसवून मग उभे करून मोजावे. तेव्हा १५ किंवा ७ ची घटही लक्षणीय धरतात.

आता नाडीकडे वळू. उभे राहताच अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. नसांची यंत्रणा शाबूत असेल तर रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाचा वेग वाढतो. काकांचा दाब ३४ ने उतरला, पण नाडी जेमतेम पाचने वाढली. हा इशारा मधुमेहाने दुबळ्या झालेल्या नसांकडे होता. वीटभट्टीवरून परतलेल्या एका तरुणीचे चित्र उलटे होते. झोपून ११०/७०, नाडी ८६. तीन मिनिटांनी ८८/६०, नाडी ११८. दाब २२ ने उतरला आणि नाडी ३२ ने वाढली, म्हणजे यंत्रणा जिवाच्या आकांताने काम करत होती, अंगात रक्त कमी होते. पाळीला फार रक्त जात असल्याचे तिने विचारल्यावर सांगितले आणि हिमोग्लोबिन ७ निघाले. हिशोब असा : नाडीतील वाढीला वरच्या दाबातील घटीने भागावे. उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आले तर नसांचा दोष संभवतो, जास्त आले तर रक्त, पाणी किंवा औषधे तपासावीत. बीटा ब्लॉकर, पेसमेकर किंवा अनियमित नाडी असेल तर हा हिशोब लावू नये.

काकांच्या बाबतीत नसांच्या दोषावर औषधांची भर पडली होती. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलून अ‍ॅम्लोडिपिनचा डोस पहिल्यासारखा केला, टॅमसुलोसिन झोपण्याच्या वेळेला नेली, उशाकडची बाजू उंच करायला सांगितली आणि पहाटे लघवीसाठी खाटेजवळ भांडे ठेवायला लावले. बीपीची गोळी बंद केली नाही. अनियंत्रित बीपीनेही ही घट वाढते. पुढच्या भेटीत झोपून १५२/८४ आणि तीन मिनिटांनी १३६/७८ आले.

मात्र एकदा नॉर्मल आले म्हणून विषय मिटत नाही. घट सकाळी, जेवणानंतर आणि गोळी घेतल्यावर जास्त असते. दुपारी निर्दोष दिसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवावे. काहींची घट तीन मिनिटांनंतर सुरू होते, अशांना दहा मिनिटांपर्यंत उभे ठेवून पाहावे. याउलट काहींची घट पहिल्या पंधरा सेकंदांतच येऊन जाते. पट्ट्याच्या यंत्राला ती सापडत नाही. तिच्यासाठी ठोक्यागणिक दाब टिपणाऱ्या यंत्राची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते.

पाठवताना केसपेपरवर नुसते 'चक्कर' लिहू नये. झोपून, एक मिनिट, तीन मिनिटे असे तीन रकाने आखावेत, प्रत्येकात बीपी, नाडी आणि त्रास लिहावा, आणि शेवटच्या गोळीची व शेवटच्या जेवणाची वेळ खाली टाकावी. पुढच्या डॉक्टरला मग पुन्हा स्टुलावरून सुरुवात करावी लागत नाही.