सिंधुदुर्ग फिरायचाय: गाडी ठरवावी की एसटीने जावे?

सिंधुदुर्गातली ठिकाणे नकाशावर जवळजवळ दिसतात. मालवण, कुणकेश्वर, विजयदुर्ग, वेंगुर्ला, रेडी, सगळी एकाच किनाऱ्यावर. त्यामुळे बसने एकेक करत जाऊ असे वाटते, आणि तिथेच गणित फसते. इथली एसटी किनाऱ्याने फारशी धावत नाही. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे जिल्ह्यातून उभी जातात आणि तिथून रस्ते फणीच्या दातांसारखे समुद्राकडे उतरतात: कणकवली-देवगड, कुडाळ-मालवण, कुडाळ-वेंगुर्ला, सावंतवाडी-वेंगुर्ला. एसटीच्या फेऱ्या मुख्यतः या दातांवर आहेत. एका दातावरून शेजारच्या दातावर जायला मध्ये खाड्या येतात. पूल झालेत, पण बस मोजक्याच, त्याही गावच्या लोकांच्या वेळेच्या.

म्हणून निर्णय सगळ्या सहलीसाठी एकदम करू नये, दिवसागणिक करावा. एका दातावरच्या दिवसाला एसटी आणि रिक्षा पुरते. दात बदलायचा असेल त्या दिवशी गाडी करावी.

एक नेहमीचे कुटुंब घेऊ. नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांची आजी. रेल्वेने कुडाळला उतरणार, मुक्काम मालवणला. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धे, आणि आजीला कोणत्याही एका सवलतीत अर्धेच. म्हणजे चौघांची मिळून अडीच तिकिटे. (पंचाहत्तरी ओलांडलेली असती तर आजी फुकट. आधार कार्ड मात्र जवळ हवे.) साध्या बसचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालते आणि जानेवारी 2025च्या वाढीनंतर एका टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडते. कुडाळ ते मालवण पाचेक टप्पे, म्हणजे चौघांचे सव्वाशे-दीडशे रुपये. या रस्त्यावर बसही बऱ्यापैकी आहेत, त्यामुळे स्टेशनबाहेर घाई करणाऱ्या रिक्षावाल्याला सात-आठशे देण्याचे कारण फक्त सामान किंवा आजीचे गुडघे.

दुसरा दिवस मालवणातच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंदरावरून सुटतात, तारकर्ली सात-आठ किलोमीटरवर. रिक्षा मीटरने चालत नाहीत, तेव्हा जाणे, तिथे थांबणे आणि परत येणे असे तिन्ही मिळून भाडे ठरवायचे. या दिवशी दारात गाडी उभी ठेवणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

खरा प्रश्न तिसऱ्या दिवसाचा: कुणकेश्वर आणि विजयदुर्ग. एसटीने मालवणहून आचऱ्यामार्गे देवगड, देवगडला बस बदलून विजयदुर्ग. जाऊन-येऊन साधारण एकशे साठ किलोमीटर, पूर्ण तिकिटाचे दोनशे ऐंशीच्या घरात, आपल्या अडीच तिकिटांचे सातशे. आता गाडी. स्थानिक गाड्या बहुधा ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ या हिशेबाने मिळतात. हिशेबापुरते त्याचे बावीसशे धरू. कुणकेश्वर धरून एकूण एकशे सत्तर किलोमीटर होतील, म्हणजे वरचे नव्वद. किलोमीटरला तेरा रुपयांनी अकराशे सत्तर. दोन तास जादा लागले, त्याचे तीनशे. एकूण छत्तीसशे सत्तर. फरक तीन हजारांचा, डोळ्यांत भरण्यासारखा.

पण एसटीने त्या दिवशी दोन्ही ठिकाणे बहुतेक होत नाहीत. गावच्या फेऱ्या सकाळी शाळा-बाजाराच्या वेळेला असतात, दुपारी मोठा खंड पडतो आणि परतीची शेवटची बस संध्याकाळी लवकर निघून जाते. विजयदुर्गाची तटबंदी बघून देवगडला आलात की कुणकेश्वरला जाऊन परत मालवण गाठायला उजेड उरत नाही. मग कुणकेश्वरासाठी आणखी एक दिवस, म्हणजे खोलीचे अडीच हजार आणि जेवणाचे दीड. वाचवलेले तीन हजार गेले, वर हजाराची पदरमोड. चौघांसाठी त्या दिवशी गाडीच स्वस्त.

दोन धडधाकट माणसे असतील आणि पाठीवर एकच पिशवी असेल, तर मात्र उत्तर बदलते. त्यांनी मालवणहून जाऊन-येऊन करूच नये. मुक्कामच देवगडला हलवावा, तिथून दोन दिवसांत दोन्ही ठिकाणे करावीत आणि देवगड-कणकवली बसने थेट रेल्वे गाठावी. जादा रात्र लागतेच, पण ती नाहीतरी मालवणला गेली असती. बस परवडते ती मुक्काम हलवणाऱ्याला.

बसने जाणार असाल तर उतरल्याबरोबर कंडक्टरला एवढेच विचारा: ‘परतीची शेवटची गाडी कितीची, आणि रविवारी असते का?’ शाळेसाठी सोडलेल्या फेऱ्या सुटीच्या दिवशी रद्द होऊ शकतात. सहल शनिवार-रविवारची असेल तर हे आधी आगाराच्या चौकशी खिडकीवर फोन करून पक्के करावे. गणपतीच्या दिवसांत तर रोजचे वेळापत्रक धरून चालूच नये.

गाडी ठरवताना दर विचारण्याआधी विचारा, ‘किलोमीटर कुठून धरणार?’ गाडी कुडाळची असेल आणि तुम्ही मालवणला, तर तिचे रिकामे येणे-जाणे साठेक किलोमीटरचे तुमच्याच बिलात बसते. म्हणून गाडी मुक्कामाच्या गावातलीच बघावी आणि निघताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. ड्रायव्हरचे जेवण, पार्किंग, रात्रीचा आकार हे धरून की सोडून, तेही आधीच बोलावे. स्टेशनवर सोडण्याचे भाडे विचारले की परतीचे पैसेही मागतात, आणि त्यांचे चूकही नाही, गाडी रिकामी परतते. त्यावर तोड अशी की शेवटच्या दिवशी वेंगुर्ला-रेडी गाडीने करायचे आणि तीच गाडी सावंतवाडी स्टेशनवर सोडायची. रेडीहून पुढे तेरेखोलला डोकावायचे असेल तर तो गोव्याचा भाग. सीमा ओलांडण्याच्या परमिटचा खर्च कोणाचा, हे निघण्याआधी ठरलेले बरे.

स्वतः चालवायला गाडी घेणाऱ्यांनी नंबरप्लेट बघावी. भाड्याने चालवायला देण्याची परवानगी असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची कुणाची घरची गाडी दोनशे रुपयांनी स्वस्त मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

राहता राहिली मुंबईहूनच केलेली गाडी. बाहेरगावच्या भाड्यात बहुधा दिवसाला तीनशे किलोमीटरचे किमान भाडे असते. पाच दिवसांचे पंधराशे किलोमीटर झाले. प्रत्यक्षात मुंबई-मालवण जाऊन-येऊन हजारावर थोडे आणि स्थानिक तीनशे, म्हणजे तेराशेच्या आसपास. न चाललेल्या दोनशे किलोमीटरचे, चौदाच्या दराने, अठ्ठावीसशे रुपये द्यायचे आणि ड्रायव्हरचा पाच दिवसांचा भत्ता वेगळा. त्यातला मालवणचा दिवस गाडी लॉजसमोर उभीच. सहा-सात माणसे असतील आणि रेल्वेचे आरक्षण मिळाले नसेल, तर हे भाडे माणशी वाटून पटू शकते. चौघांना नाही.