मुक्तछंदातील कविता आणि शेवटचा ‘नाही’

जयंतीच्या आठवड्यात आपल्या विहारात खुले काव्यवाचन होते. ज्याला वाटेल त्याने नाव द्यावे आणि तीन मिनिटांत आपली कविता वाचावी, अशी साधी पद्धत आहे. मागील खेपेस प्रथम वर्ष बी. ए. च्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजोबांवर कविता वाचली. आजोबा कापडगिरणीत कामाला होते. कवितेतील ओळी अशा होत्या :

आजोबा गिरणीतून आले
हात धुतले, पाय धुतले
पण भुवयांवरची कापसाची धूळ
मरेपर्यंत गेली नाही

कविता संपल्यावर मागच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ तिच्याजवळ आले. तेही जुने गिरणी कामगार. ते म्हणाले, “अवं पोरी, धूळ गेली म्हन्तं तू, पण आमची तं अजून नाई गेली.” मुलगी गोंधळली. तिने तर तेच लिहिले होते! मग आमच्या लक्षात आले की शेवटचा ‘नाही’ मागच्या रांगेपर्यंत पोचलाच नव्हता. तिथपर्यंत येता येता तिचा श्वास संपला होता.

या एका शब्दावरून आम्ही अभ्यासवर्गात पुष्कळ विचार केला. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकार त्याच्याही नंतर येतो. म्हणजे वाक्याचा सगळा अर्थ जिथे ठरतो, तिथेच वाचणाऱ्याच्या छातीत हवा सर्वांत कमी असते. आवाज खाली बसतो, शेवटचे अक्षर ओठांतच राहते, आणि ऐकणाऱ्याच्या कानी नेमका उलटा अर्थ पडतो. घरी कागदावरून वाचताना हे कळत नाही, कारण आपल्याला ओळ माहीत असते. न ऐकू आलेला शब्द आपले मन परस्पर भरून काढते.

जुन्या रचनांत ही अडचण कमी होती. अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, त्यामुळे श्वास घेण्याची जागा रचनेतच ठरलेली असते. मंदाक्रांता वृत्तात चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यती सांगितलेला आहे. गझल सादर करताना शेराची पहिली ओळ पुन्हा म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे म्हणणाऱ्याला दम घेता येतो आणि ऐकणारा दुसऱ्या ओळीतील काफियाची वाट पाहू लागतो. परंतु नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) किंवा नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) वाचून जी पिढी लिहू लागली, तिचा कल मुक्तछंदाकडे अधिक राहिला. मुक्तछंदात श्वासाची जागा कोणी ठरवून देत नाही. ती वाचणाऱ्यानेच ठरवावी लागते, आणि तीही मंचावर जाण्यापूर्वी.

आम्ही त्या मुलीची कविता समोर घेतली व शिसपेन्सिलीने खुणा केल्या. एक उभी रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे थांबणे. खुणा मात्र शेवटाकडून सुरुवातीकडे केल्या. प्रथम ‘नाही’वर बोट ठेवले आणि मागे मागे येत पाहिले की एका श्वासात कोठपर्यंतचे शब्द नीट बसतात. ‘पण भुवयांवरची कापसाची धूळ मरेपर्यंत गेली नाही’ हे सात शब्द आरामात बसले. म्हणून रेघ ‘पाय धुतले’ नंतर आली. आधी ती चारही ओळींचे चौदा शब्द एका दमात म्हणत होती. ‘धूळ’ या शब्दानंतर ओळ तुटते, तेथे क्षणभर रेंगाळायला हरकत नाही, पण तेथे श्वास घेऊ नये. घेतल्यास धूळ एकीकडे आणि ‘गेली नाही’ दुसरीकडे पडते.

श्वास पुरला की नाही हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. शेवटचा शब्द म्हणून झाल्यावर, नवा श्वास न घेता, त्याच आवाजात ‘एक दोन’ असे म्हणून पाहावे. म्हणता आले तर हवा शिल्लक होती. नाही आले, तर रेघ आणखी अलीकडे आणावी. मंचावर भीतीने श्वास वर छातीत चढतो व लहान होतो. घरी दहा शब्द पुरत असतील तर तेथे सातच पुरतील असे धरून चालावे. सुरुवातीला मोठा श्वास ओढण्याची घाई करू नये. आधी आतली हवा पूर्ण सोडावी, मग नवी आपोआप खोलवर येते. आपल्यापैकी जे आनापान करतात त्यांना श्वास कोठे अडतो हे लवकर उमगते. मात्र आनापानात श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो, येथे तो योजून वापरायचा आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

थांबण्याबाबत बहुतेकांची चूक एकच असते. चांगली ओळ म्हणून झाली की ते थांबतात, जणू टाळीची वाट पाहतात. या कवितेत पुढे अशा ओळी आहेत :

त्यांनी आम्हाला शेत दिले नाही
घर दिले नाही
दिली ती एक पाटी

येथे दोन रेघा ‘पाटी’ नंतर नव्हे, तर ‘दिली’च्या आधी हव्यात. दोन वेळा ‘नाही’ ऐकल्यावर ऐकणाऱ्याला तिसऱ्या नकाराची अपेक्षा असते. तेथे मनात ‘एक, दोन’ मोजून थांबले की ‘दिली’ हा शब्द नीट उमटतो. पहिल्या तालमीत तिने पूर्ण कविता, म्हणजे सुमारे एकशे दहा शब्द, पन्नास सेकंदांत संपवली होती. खुणांनंतर तिला एक मिनिट पंचवीस सेकंद लागले. तीन मिनिटांत हे सहज बसते. त्यातून नाव सांगण्यात आणि प्रस्तावनेत अर्धा मिनिट जातो. (प्रस्तावना दहा सेकंदांत आटोपावी असे आमचे स्पष्ट मत आहे!)

आता पाठांतर. आपण नेहमी पहिल्या ओळीपासून सुरू करतो, म्हणून सुरुवात पन्नास वेळा घोटली जाते आणि शेवट दहा वेळा. मंचावर माणूस अडखळतो तो उत्तरार्धातच. यासाठी शेवटचे कडवे पहिल्या दिवशी पाठ करावे, दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीचे त्याला जोडावे, असे मागून पुढे यावे. म्हणजे कविता म्हणताना आपण कच्च्या भागाकडून पक्क्या भागाकडे जातो. दुसरा धोका सारख्या ओळींचा. या कवितेत ‘आजोबा गिरणीतून आले’ तीनदा येते, आणि मुलगी दुसऱ्या कडव्यातून थेट चौथ्यात उडी मारत असे. तेव्हा ती ओळ एकटी पाठ न करता पुढच्या पहिल्या शब्दासह पाठ केली : ‘आले, हात’, ‘आले, डबा’, ‘आले, गप्प’. तिसऱ्या दिवसापासून चूक थांबली. पाठ झाले की नाही हे पाहायचे असेल, तर दुसऱ्याने मधलीच ओळ सांगावी आणि आपण तेथून पुढे म्हणावे. तरीही कागद घडी करून खिशात ठेवावा, त्यात कमीपणा नाही.

माईकविषयी एवढेच की भीम, फुले, बुद्ध या शब्दांतील ओष्ठ्य अक्षरे माईकवर फुटतात. तोंड माईकच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला धरावे, अंतर साधारण एक वीत.

शेवटची तालीम आम्ही विहारातच, सगळे पंखे सुरू ठेवून आणि माईकशिवाय घेतली. तेच वृद्ध गृहस्थ मागच्या रांगेत बसले होते. ‘नाही’ ऐकू आला की हात वर करायचा, एवढेच काम त्यांना सांगितले होते. पहिल्या वेळी एकच हात वर गेला. मुलीने ‘घर दिले नाही’च्या आधी आणखी एक रेघ मारली आणि पुन्हा म्हटले. या वेळी त्यांनी तीनदा हात वर केला.