'फर्दरमोर'नं घात केला

रात्रपाळ्या करत आयईएल्टीएसचा अभ्यास केला होता. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला वाचन, श्रवण आणि संभाषणात प्रत्येकी 7 बँड हवे असतात, लेखनात 6.5 चालतात. बाकीचं निभावलं. लेखनात 6 आले आणि पुन्हा फी भरायची वेळ आली.

निकालपत्रावर नुसता आकडा असतो, चूक कुठं झाली ते कळत नाही. म्हणून सरावाची वही वॉर्डातल्या सीनियर सिस्टरना दाखवली. त्या पूर्वी तिकडे काम करून आल्या होत्या. क्लासमध्ये आम्हाला जोडशब्दांची यादी पाठ करायला दिली होती आणि मी ती इमानानं वापरत होते. एका निबंधाचा विषय होता, सरकारनं उपचारांपेक्षा रोगप्रतिबंधावर जास्त खर्च करावा का. माझा परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा: 'फर्स्टली, लसीकरणानं रोग टळतात. मोरओव्हर, मधुमेह वाढतो आहे. ऑन द अदर हँड, लोक व्यायाम करत नाहीत. फर्दरमोर, रुग्णालयं महाग आहेत. देअरफोर, सरकारनं खर्च करावा.'

सिस्टर म्हणाल्या, "अगं, व्यायाम न करणं ही मधुमेहाची दुसरी बाजू आहे की कारण? आणि हँडओव्हर देताना चार नंबरच्या बेडचं सांगता सांगता तू मध्येच नऊ नंबरवर जातेस का?"

तिथं माझी ट्यूब पेटली. एका परिच्छेदात एकच पेशंट! परीक्षक ज्या चार निकषांवर गुण देतात, त्यांतला एक सुसंगती आणि जोडणीचा आहे. जोडशब्दांचा अतिरेक किंवा चुकीचा वापर तिथं गुण खातो. सर्वोच्च बँडच्या वर्णनात तर जोडणी नजरेत भरू नये अशीच अपेक्षा आहे.

मग तोच परिच्छेद पुन्हा लिहिला. पहिलं वाक्य मुद्द्याचं: टाळता येण्याजोग्या आजारांवर रुग्णालयांचा बराच पैसा जातो. पुढचं त्याचं उदाहरण, टाइप 2 मधुमेह. त्यापुढं 'हा आजार' असं म्हणून, मूत्रपिंडं निकामी झाली तर रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला यावं लागतं, हे लिहिलं. 'हा उपचार' म्हणून त्याचा खर्च सांगितला. मग एकदाच 'बाय कॉन्ट्रास्ट' आणि वेळेवर केलेली रक्ततपासणी किती स्वस्त पडते ते. लसीकरण काढूनच टाकलं. तो वेगळा पेशंट. पाच जोडशब्दांचा एक झाला, तरी वाक्यं एकमेकांना धरून राहिली. ते काम 'धिस' आणि त्यापुढच्या नामानं केलं. हे क्लासच्या यादीत नव्हतं.

आपल्या मराठी डोक्याची एक खास चूकही निघाली. 'जरी... तरी' या सवयीनं मी 'ऑल्दो'नं सुरू केलेल्या वाक्यात पुढं 'बट' घालत होते. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच चालतो. 'हाउएव्हर'च्या आधी नुसता स्वल्पविराम देऊन दोन पूर्ण वाक्यं जोडत होते. तिथं पूर्णविराम हवा. 'डिस्पाइट'नंतर कर्ता-क्रियापदाचं अख्खं वाक्य येत नाही, नाम किंवा 'आयएनजी'चं रूप येतं. तपासताना मी आता हेच तीन शब्द आधी शोधते.

वेळेचं गणितही चुकलं होतं. दोन्ही लेखनांना मिळून 60 मिनिटं असतात. पहिल्यांदा मी आलेखाच्या वर्णनातच निम्मी संपवली आणि निबंधाचा समारोप राहिला. खरं तर आलेखाला 20 आणि निबंधाला 40 मिनिटं द्यायची. निबंधाचं वजन दुप्पट असतं. आधी निबंध लिहिला तरी चालतो, आणि दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. पहिली पाच मिनिटं एक अक्षरही निबंधाचं लिहिलं नाही. माझं मत एका ओळीत आणि दोन परिच्छेदांचे दोन मुद्दे, एवढंच टिपलं. हात शिवशिवतात, शेजारच्यांचे कीबोर्ड खडखडत असतात, तरी थांबायचं. प्रस्तावना साधारण 45 शब्द, मधले दोन परिच्छेद 90-90, समारोप 35. एवढ्यात 250 ची किमान मर्यादा ओलांडली जाते. संगणकावर शब्दसंख्या दिसते. कागदावर देणाऱ्यांनी आपल्या एका ओळीत किती शब्द बसतात ते आधीच मोजून ठेवावं. दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडावी. शेवटची पाच मिनिटं तपासणीला.

दुसऱ्यांदा लेखनात 6.5 आले. परीक्षा जवळ आली असेल, तर आज आपला एखादा जुना निबंध काढा आणि त्यातले सगळे जोडशब्द पेन्सिलीनं खोडून वाचा. अर्थ तसाच लागला, तर त्यांतले बहुतेक नकोच होते.